रात्रीत टाकी रिकामी होतेय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमची सोसायटी पाच मजली, वीस फ्लॅटची. खाली जमिनीत एक टाकी, गच्चीवर एक, मध्ये दोन एचपीचा पंप. रात्री दहाला वॉचमन मामा वरची टाकी काठोकाठ भरायचे आणि पहाटे साडेचारला पहिली बादली लावणारा माणूस नळाखाली बोंबलायचा. हे तीन महिने चाललं. तेव्हा सेक्रेटरी मी होतो, त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

पहिला संशय अर्थातच माणसांवर. कुणाचा तरी फ्लश वाहतोय, कुणीतरी रात्री गाड्या धुतोय. एका रात्री मी स्वतः गच्चीवर गेलो आणि फ्लॅटकडे उतरणाऱ्या चारही लाइनींचे व्हॉल्व्ह आवळून बंद केले. सकाळी टाकी तशीच रिकामी. यावरून मी निष्कर्ष काढला की टाकीच गळते. कंत्राटदार बोलावला, आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, अडतीस हजार मोजले. छताला, भिंतीला ओलीचा एक डाग नव्हता, हे तेव्हा डोळ्यांसमोर असूनही दिसलं नाही. नऊ हजार लिटर पाणी रोज स्लॅबमधून गेलं असतं तर पाचव्या मजल्यावर लोक छत्री घेऊन झोपले असते.

वॉटरप्रूफिंगनंतरच्या पहिल्याच रात्री टाकी पुन्हा रिकामी.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते, नुकतीच मेकॅनिकल इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेली. उशिरा घरी यायची तेव्हा गेटवर मामांशी दोन शब्द बोलायची. तिने एकदा त्यांना सहज विचारलं, "मामा, टाकी अगदी तळापर्यंत रिकामी होते का?"

"नाही ताई. रोज वीतभर पाणी उरतं. कमी नाही, जास्त नाही. आणि पंप रोज पहाटे हवा धरतो. तांब्याने पाणी पाजल्याशिवाय उचलत नाही."

या दोन वाक्यांत सगळं उत्तर होतं. तीन महिन्यांत मामांना हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. टाकीला तडा गेला असेल तर पाणी तड्याच्या उंचीला थांबेल, फ्लश वाहत असेल तर बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी थांबेल. आमच्या टाकीत बाहेरचे पाइप तळापासून चार बोटांवर होते. मग वीतभर उंचीवर काय आहे?

रात्री बाराला ती बॅटरी आणि टेप घेऊन गच्चीवर चढली. झाकण उघडलं तर पंपाचा पाइप भिंतीवरून आत येऊन थेट खाली बुडालेला, तोंड तळापासून बरोबर एक वीत वर. हे माझंच कर्तृत्व. टाकीत पाणी पडण्याचा धबधबा झोपू देत नाही, अशी पाचव्या मजल्याची तक्रार होती, म्हणून मार्चमध्ये प्लंबरला सांगून तो पाइप आतून खाली वाढवून घेतला होता. आवाज थांबला, तक्रार मिटली, आणि टाकी त्यानंतर कधीतरी रिकामी व्हायला लागली. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडला नाही.

पंप बंद झाला की पाइपातलं पाणी खाली परतू पाहतं. त्याला अडवायला पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो आणि खालच्या टाकीत फूटव्हॉल्व्ह. दोन्ही नीट बसत नसतील तर पाणी उतरतं. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर मोकळं असतं तर फक्त पाइपातलं उतरलं असतं. आमचा पाइप दोन इंची, पंचवीसेक मीटर लांब, म्हणजे जेमतेम पन्नास लिटर. कुणाला कळलंही नसतं. पण तोंड बुडालेलं असलं की उतरणारं पाणी मागच्याला ओढत नेतं, डिझेलच्या पिंपातून नळीने तेल काढतो तसं. पातळी तोंडाखाली गेली की हवा शिरते, ओढ तुटते, पाइप रिकामा होतो. म्हणून वीतभर पाणी उरायचं, आणि म्हणूनच पंप पहाटे हवा धरायचा.

तिने अंदाजावर काम सोडलं नाही, मोजून दाखवलं. नळाचं पाणी आमच्याकडे रात्री येत नाही, तरी तिने खालच्या टाकीत येणारा मेन व्हॉल्व्ह बंद केला. वरचे चारही बंद केले. वर ती आणि खाली मामा, दोघांनी काठी बुडवून ओल्या खुणेला दोरा बांधला. तासाभराने वरची पातळी 20 सेंटिमीटर उतरली होती, खालची 10 सेंटिमीटर चढली होती. वरची टाकी 3 बाय अडीच मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला 75 लिटर. खालची 5 बाय 3, दर सेंटिमीटरला 150. दोन्हीकडे हिशोब 1,500 लिटर. जेवढं गेलं तेवढंच आलं. मामांनी पंपाच्या वरच्या व्हॉल्व्हला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "सूं करतंय."

तुमच्याकडे असंच होत असेल तर तोडफोडीआधी ही काठीची चाचणी करा. खालची पातळी चढली नाही तर आमचं दुखणं तुमचं नाही. मग बाहेर जाणाऱ्या लाइनी आणि फ्लश तपासा. मी व्हॉल्व्ह बंद करून अर्धी चाचणी केली होती. बाहेर जाणाऱ्या वाटा बंद केल्या, पण आत येणारी वाटही उलटी वाहू शकते हे मनात आलं नाही.

पक्कं करायला दुसऱ्या रात्री पंपाजवळचा गेट व्हॉल्व्ह बंद ठेवला. सकाळी टाकी भरलेली. इथे एक धोका आहे: तो व्हॉल्व्ह उघडायला विसरून पंप चालू केला तर पाणी आतल्या आत फिरून पंप तापतो, सील जातं. मामांनी स्टार्टरला लाल फडकं बांधून ठेवलं होतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडला तेव्हा झडपेखाली सुतळीचे चार धागे अडकलेले निघाले, प्लंबर सांध्याला गुंडाळतात तीच. मार्चमध्ये पाइप वाढवताना हाच सांधाही खोलला होता. फूटव्हॉल्व्हची चामडी तर झिजून वाकडी झाली होती. मी म्हटलं, दोन्ही बदला आणि मोकळे व्हा. ती म्हणाली, "काका, वर्षा-दोन वर्षांनी परत कचरा अडकणारच. पाइप बुडालेला ठेवलात तर परत हेच." पाइप कापायचा तर धबधबा परत. शेवटी तिने प्लंबरला आतल्या पाइपाला, ओव्हरफ्लोच्या पातळीच्या चार बोटं वर, 8 मिलिमीटरचं एक भोक पाडायला सांगितलं. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि ओढ तिथेच तुटते. भोक पाण्याखाली गेलं तर काही उपयोग नाही. पंप चालू असताना तिथून बारीक फवारा उडतो, तो टाकीतच पडतो.

झडप, चामडी, मजुरी मिळून खर्च वॉटरप्रूफिंगच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. आता पहाटे टाकीत सव्वा मीटर पाणी असतं आणि मामांचा तांब्या पंपाजवळून त्यांच्या चहाच्या स्टोव्हशेजारी गेला आहे. परवा पाचव्या मजल्यावरून फोन आला. टाकीत हे रोज रात्री दहाला फुर्र फुर्र काय वाजतं, म्हणून.