एक पंप बंद असताना दुसऱ्यावर काय येतं? कंडेन्सर पंपांचा जोडकर्व्ह आणि एनपीएसएचची तपासणी

कंडेन्सर वॉटरचे दोन पंप समांतर बसवायचे असले, की बहुतेक वेळा हिशेब दोन्ही पंप चालू धरून होतो आणि एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ न देणारा दाबही त्याच बिंदूला तपासून फाईल बंद होते. पंपाचे हाल होतात ते मात्र तो एकटा चालतो तेव्हा. रात्री किंवा हिवाळ्यात भार उतरला की एक पंप बंद केला जातो. पाइपात पाणी कमी झाल्यामुळे घर्षण घटतं, आणि उरलेला पंप ठरवून दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढू लागतो. हे ‘किती’ कागदावर कसं काढायचं आणि त्या बिंदूला सक्शन पुरतं का हे कसं पाहायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पुण्यात एक बहुमजली इमारत आहे. तळघरात ३०० टनांचे दोन चिलर आहेत. गच्चीवर कूलिंग टॉवर आहे आणि तळघरात जागा नसल्यामुळे पंपही गच्चीवर, टॉवरला लागूनच बसवले आहेत. प्रत्येक चिलरच्या कंडेन्सरला ताशी २०० घनमीटर पाणी हवं, म्हणजे एकूण ४००.

पहिली पायरी: सिस्टिमचा कर्व्ह

सिस्टिमच्या हेडचे, म्हणजे पाणी फिरवायला लागणाऱ्या आणि मीटरमध्ये मोजलेल्या दाबाचे, दोन भाग पडतात. एक स्थिर उंचीचा आणि दुसरा घर्षणाचा. कंडेन्सरच्या सर्किटमध्ये स्थिर उंची म्हणजे टॉवरच्या तळाशी असलेल्या बेसिनमधल्या पाण्याच्या पातळीपासून टॉवरच्या वरच्या फवाऱ्यापर्यंतचं अंतर, एवढंच. इमारतीची उंची यात धरायची नाही. गच्चीवरून खाली गेलेलं पाणी भरलेल्या पाइपातून परत वर येतं, त्यामुळे उतरणं आणि चढणं एकमेकांना फेडतात. इथे हिशेब चुकला तर पंप गरजेपेक्षा फार मोठा येतो, आणि पुढचे सगळे त्रास वाढतात.

आपल्या उदाहरणात स्थिर उंची ४ मीटर आहे. ताशी ४०० घनमीटरला पाइप, कंडेन्सर आणि टॉवरचे नोझल मिळून घर्षण २० मीटर, म्हणजे एकूण हेड २४ मीटर. घर्षण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. प्रवाह निम्मा झाला की ते चौथ्या हिश्श्यावर, ५ मीटरवर येतं. म्हणून ताशी २०० ला सिस्टिमला ९ मीटर हेड लागतं, ३०० ला सव्वापंधरा आणि ४०० ला २४. हे बिंदू आलेखावर मांडून जोडले की सिस्टिमचा कर्व्ह तयार.

दुसरी पायरी: पंपाचा कर्व्ह, पण वजावट करून

कॅटलॉगचा कर्व्ह जसाच्या तसा घेऊ नका. प्रत्येक पंपाच्या स्वतःच्या फाट्यावर सक्शन व्हॉल्व्ह, कचरा अडवणारा वाय स्ट्रेनर, पाणी उलटं येऊ न देणारा एनआरव्ही आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतात. त्यांतून फक्त त्याच पंपाचं पाणी जातं, म्हणून त्यांचं नुकसान त्या पंपाच्याच खात्यातून वळतं करायचं. आपल्या फाट्यात ताशी २०० ला २ मीटर जातात. हे नुकसान सिस्टिमच्या २० मीटरांत पुन्हा धरायचं नाही.

| एका पंपाचा प्रवाह (घनमीटर/तास) | कॅटलॉगचं हेड (मी.) | फाट्याची वजावट करून (मी.) | दोन पंपांचा प्रवाह |
|---|---|---|---|
| ० | ३० | ३० | ० |
| १०० | २९ | २८.५ | २०० |
| २०० | २६ | २४ | ४०० |
| २५० | २३.८ | २०.६ | ५०० |
| ३०० | २१ | १६.५ | ६०० |

शेवटचा रकाना हाच जोडकर्व्ह. नियम एवढाच, की समांतर पंपांत हेड तेच राहतं आणि प्रवाहांची बेरीज होते. आलेखावर एकेका हेडला आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेवर प्रवाह दुप्पट करायचा.

तिसरी पायरी: छेदबिंदू वाचणं

जोडकर्व्ह आणि सिस्टिमचा कर्व्ह ताशी ४०० घनमीटर आणि २४ मीटरला एकमेकांना छेदतात. ठरवलं होतं तेच मिळालं. आता त्याच आलेखावर एकट्या पंपाचा कर्व्ह पाहा. तो सिस्टिमच्या कर्व्हला ताशी ३०७ घनमीटरच्या आसपास, १५.८ मीटरला छेदतो.

या आकड्याशी जरा थांबायला हवं. दोन पंप ४०० देत होते, मग एक २०० देईल असं वाटतं. तो देतो ३०७, म्हणजे नेमलेल्याच्या दीडपट. उलट बाजूने पाहिलं तर दुसरा पंप चालू केल्यावर पदरात पडतात फक्त ९३ घनमीटर. ‘दोन पंप लावूनही पाणी दुप्पट का येत नाही?’ अशी तक्रार प्लँटवर नेहमी ऐकू येते, तिचं उत्तर या आलेखात आहे. पंपात दोष नसतो, सिस्टिमचा कर्व्ह चढा असतो.

शिवाय हा बिंदू दोन्ही चिलरचे व्हॉल्व्ह उघडे असतानाचा आहे. म्हणजे ३०७ पैकी निम्मं पाणी बंद चिलरमधून फुकट फिरतं आणि चालू चिलरला जेमतेम १५३ मिळतं. पंप ओव्हरलोड आणि चिलर तहानलेला, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

मोटरही इथेच तपासून घ्या. ताशी २०० ला पंपाची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर शाफ्टला साधारण १७.६ किलोवॅट लागतात आणि कोणीही २२ किलोवॅटची मोटर निवडेल. ३०७ ला कार्यक्षमता ६८ टक्क्यांवर घसरली, तर तोच पंप २५ किलोवॅट मागतो. एकच पंप चालू असताना ओव्हरलोड रिले वरचेवर पडत असेल, तर रिलेची सेटिंग वाढवण्याआधी हा छेदबिंदू काढून पाहा.

चौथी पायरी: एनपीएसएच, दोन्ही बिंदूंना

पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये यासाठी जो दाब शिल्लक असतो, तो उपलब्ध एनपीएसएच. पंपाला किमान किती हवा तो लागणारा एनपीएसएच, आणि तो उत्पादकाच्या कर्व्हवर प्रवाहानुसार दिलेला असतो. प्रवाह वाढला की उपलब्ध घटतो आणि लागणारा वाढतो. म्हणूनच एकट्या पंपाचा बिंदू धोक्याचा.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब पाण्याच्या ९.७ मीटर स्तंभाएवढा भरतो. मुंबईत तो १०.४ च्या जवळ असतो. बेसिनमधलं पाणी पंपाच्या मध्यरेषेपेक्षा १ मीटर वर आहे, ते मिळवायचं. ३२ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा बाष्पदाब अर्ध्या मीटरएवढा, तो वजा करायचा. उरले १०.२ मीटर. यातून सक्शनचं घर्षण जातं. सामाईक सक्शन हेडरमध्ये ताशी ४०० ला ०.६ मीटर, आणि पंपाच्या फाट्याच्या सक्शन बाजूला ताशी २०० ला १ मीटर. हा १ मीटर वर वजा केलेल्या २ मीटरांपैकीच आहे.

दोन्ही पंप चालू असताना उपलब्ध ८.६ मीटर आहे आणि आपल्या पंपाला ताशी २०० ला ३ मीटर लागतो. काळजीचं कारण नाही, आणि अनेकांची तपासणी इथेच संपते.

एक पंप चालू असताना हेडरमधलं नुकसान ०.३५ मीटरपर्यंत उतरतं, पण फाट्यातलं २.३५ वर जातं. उपलब्ध राहिला ७.५ मीटर. ३०७ ला लागणारा ६.३. फरक उरला १.२ मीटर, तोही स्ट्रेनर स्वच्छ असताना. उत्पादकाचा आकडा हेड ३ टक्के पडतं त्या बिंदूचा असतो, म्हणजे तिथे कॅव्हिटेशन आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून किमान १ ते १.५ मीटर शिल्लक हवीच असं मी धरतो.

आता स्ट्रेनर तुंबवून पाहा. कूलिंग टॉवर उघडा असतो. धूळ, पानं, शेवाळ सगळं बेसिनमध्ये येतं. स्ट्रेनरमधलं नुकसान ताशी २०० च्या मापाने ०.६ वरून १.८ मीटर झालं, तर एकट्या पंपाचा प्रवाह २९२ वर येतो. तिथे उपलब्ध एनपीएसएच ५.२ आणि लागणारा ५.८. पंप कॅव्हिटेशनमध्ये गेला. हेच पंप तळघरात असते तर वरच्या पाण्याच्या उंचीमुळे उपलब्ध एनपीएसएच कित्येक मीटरांनी वाढला असता आणि ही पायरी एका ओळीत संपली असती. म्हणून टॉवरशेजारच्या पंपांना ही तपासणी कधीच टाळू नये.

जागेवर कसं ओळखायचं

पंपात खडी फिरत असल्यासारखा कडकड आवाज येतो, सक्शन गेजचा काटा थरथरतो, अँपिअर वरखाली होतात. पण बेसिनमध्ये पाणी कमी होऊन भोवरा पडला आणि हवा ओढली गेली, तरी जवळपास हीच लक्षणं दिसतात. फरक करायला डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. प्रवाह कमी होताच आवाज गेला तर कॅव्हिटेशनचीच शक्यता जास्त. नाही गेला, तर बेसिनची पातळी, भोवरा रोखणारी पट्टी आणि सक्शनच्या फ्लँजची गळती पाहा. सक्शन व्हॉल्व्ह मात्र कधीही आवळू नका, त्याने उपलब्ध एनपीएसएच आणखी घटतो.

प्रवाह मोजायला मीटर नसेल तर पंपाच्या दोन तोंडांवरच्या गेजमधला फरक घ्या. फरक २ बार आला तर ते साधारण २०.५ मीटर हेड झालं. कॅटलॉगच्या कर्व्हवर त्यासमोर ताशी ३०७ दिसतील. गच्चीवरच्या पंपाच्या सक्शनला शून्याखालचं दाखवणारा कंपाउंड गेज लागतो. साधा गेज शून्यावर अडकतो आणि हिशेब चुकतो.

उपाय

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बंद चिलरचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह पंपाबरोबर बंद होईल असं इंटरलॉक. कंडेन्सर आणि त्याच्या फाट्यात ताशी २०० ला ७ मीटर जातात असं धरलं, तर एक चिलर बंद केल्यावर सिस्टिमचा कर्व्ह चढा होतो आणि पंप ताशी २५३ वर, २०.४ मीटरला स्थिरावतो. तिथे लागणारा एनपीएसएच ४.२ च्या थोडा वर आहे. उपलब्ध ८.४, आणि स्ट्रेनर तुंबलेला असला तरी सव्वासहाच्या वर. सगळं पाणी चालू चिलरलाच मिळतं. व्हॉल्व्ह खरोखर बसतो का, हे अ‍ॅक्च्युएटरचा दांडा फिरताना डोळ्यांनी पाहून घ्या; पॅनलवरच्या ‘बंद’वर भिस्त ठेवू नका.

मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी असेल तर त्या २५३ चे २०० करता येतात. या सिस्टिमला एका चिलरसाठी वेग ८२ टक्के, म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास लागेल. मात्र आधी व्हॉल्व्ह बंद करा आणि मग वेग कमी करा. दोन्ही चिलर उघडे ठेवून नुसता वेग उतरवला, तर चालू चिलरला १५३ पेक्षाही कमी पाणी मिळेल आणि तो हाय प्रेशरवर ट्रिप होईल.