स्वसंरक्षणाचा प्रश्न कसा सोडवावा: बळाचं प्रमाण आणि 'पळून का गेला नाही'चा घोळ

फौजदारी कायद्याच्या पेपरात स्वसंरक्षणाचा प्रश्न आला की निम्म्या उत्तरपत्रिका कलमं उतरवण्यातच संपतात. उरलेल्यांत 'आरोपीला पळून जाता आलं असतं, म्हणून त्याला हक्क नाही' असं ठणकावून लिहिलेलं असतं. पहिल्या प्रकाराला थोडेफार गुण मिळतात. दुसरा चूकच असतो, आणि बहुतेकदा तो परदेशी नोट्समधून आलेला असतो.

एक प्रश्न समोर ठेवू. बांधावरून 'अ' आणि 'ब' यांचा जुना वाद आहे. सकाळी सात वाजता 'अ' आपल्या शेतात कुदळ चालवतोय. 'ब' कोयता घेऊन धावत येतो, "आज तुला सोडत नाही" म्हणतो आणि वार करतो. वार 'अ'च्या खांद्यावर बसतो. 'अ'च्या मागे वीस पावलांवर त्याची मोटारसायकल उभी आहे, रस्ता मोकळा आहे. 'अ' कुदळीच्या तुंब्याने 'ब'च्या डोक्यात एक घाव घालतो. 'ब' खाली पडतो, कोयता हातातून सुटतो. 'अ' आणखी दोन घाव डोक्यातच घालतो. 'ब' मरतो. 'अ'ची जबाबदारी काय?

आधी तारीख बघा

घटना 1 जुलै 2024 किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता, त्याआधीची असेल तर भारतीय दंड संहिता. खासगी संरक्षणाच्या हक्काची जुनी कलमं 96 ते 106, नवीन 34 ते 44. आशय जवळपास तोच असल्यामुळे जुने निकाल चालतात. खाली नवीन क्रमांक वापरले आहेत.

गुन्हा आधी, बचाव नंतर

बचावाने सुरुवात करू नका. 'अ'ने 'ब'चा मृत्यू घडवला आणि डोक्यात कुदळ घालताना त्याचा उद्देश किंवा जाणीव काय होती, हे दोन ओळींत लिहून सकृतदर्शनी खून दाखवा. मगच कलम 34 कडे वळा: हक्क बजावताना केलेली कृती गुन्हाच ठरत नाही. सिद्धतेचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम 108 नुसार आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाइतका जड नसतो. आपली बाजू अधिक संभवनीय आहे एवढं दिसलं की पुरे. 'अ'ने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे मुन्शी राम वि. दिल्ली प्रशासन (1968) मध्ये सांगितलंय.

आगळीक कोणाची

एका ओळीत आटपा. हल्ला 'ब'ने सुरू केला, 'अ' स्वतःच्या शेतात होता. 'अ'च तयारीनिशी भांडण उकरायला गेला असता तर चित्र उलटं झालं असतं. उत्तर प्रदेश राज्य वि. राम स्वरूप (1974) मध्ये बाजारात टरबुजांवरून झालेल्या वादानंतर हत्यारं घेऊन परत आलेल्यांना हा हक्क मिळाला नाही.

पळून जाण्याचा प्रश्न

गाडी इथेच घसरते, म्हणून इथे वेळ द्या.

कलम 34 ते 44 पुन्हा वाचा. हल्ला झालेल्याने मागे हटलंच पाहिजे असं त्यांत कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते वेगळंच आहे: कलम 37 म्हणतं की सार्वजनिक प्राधिकाऱ्यांचं संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. विद्यार्थी या दोन गोष्टी एकत्र कालवतात. एक प्रश्न पोलिसांचा, दुसरा पायांचा. कायद्याने विचारलाय तो पहिलाच.

पहिल्याचं उत्तर वस्तुस्थितीतून काढायचं. धोक्याची बातमी कधी कळली? ठाणं किती लांब? तिथे जाऊन मदत पोहोचेपर्यंत हल्ला थांबला असता का? 'ब'ने आदल्या रात्री निरोप पाठवला असता की उद्या सकाळी येतो, आणि 'अ' पोलिसांना न सांगता चार भाऊबंद जमवून बसला असता, तर कलम 37 आड आलं असतं. आपल्या प्रश्नात कोयता समोर येईपर्यंत 'अ'ला काही माहीतच नव्हतं. खिशात मोबाइल होता, 112 लावता आला असता, असंही कोणी लिहितं. फोन लागणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे. कोयता उगारलेला असताना दहा किलोमीटरवरची पोलीस गाडी संरक्षण देत नाही.

आता पायांचा प्रश्न. मोटारसायकल वीस पावलांवर होती म्हणून 'अ' पळायला बांधील होता का? नाही. मुन्शी राम मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आपल्या मालमत्तेवर जबरदस्तीने ताबा मिळवायला लोक आले, तर माणसाने तिथून पळून जाऊन अधिकाऱ्यांचं संरक्षण मागावं असं कायदा म्हणत नाही. मालमत्तेसाठी हे खरं असेल तर अंगावर कोयता आल्यावर ते अधिकच खरं.

पण एक निकाल अंगावर येतो, आणि परीक्षकाच्या डोक्यात तोच असतो. योगेंद्र मोरारजी वि. गुजरात राज्य (1980) मध्ये मजुरांनी वाहन अडवलं, आरोपीने रिव्हॉल्व्हर झाडलं, एक जण मेला. हक्काची मर्यादा ओलांडली गेली असं न्यायालयाने ठरवलं. त्याच निकालात असंही म्हटलंय की हल्लेखोराचा जीव घेण्याखेरीज मागे हटून सुरक्षित निसटण्याचा वाजवी मार्ग उरलेला नसावा. हे वाक्य उत्तरात दडवू नका. मांडा आणि उत्तर द्या: संहितेच्या शब्दांत हे कर्तव्य नाही, म्हणून त्याला वेगळी अट मानण्यापेक्षा गरजेच्या मोजमापातला एक मुद्दा मानणं योग्य. कलम 37 मध्येच बचावाला लागते त्याहून अधिक इजा करू नये असं आहे, आणि निसटणं किती सहज होतं हे ती गरज ठरवताना बघता येतं. दर्शन सिंग वि. पंजाब राज्य (2010) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आणि भ्याडासारखं पळून जाण्याची अपेक्षा कायदा ठेवत नाही हेही स्पष्ट केलं. माझं ठाम मत असं की हे दोन्ही निकाल ज्या उत्तरात समोरासमोर येत नाहीत, ते उत्तर अर्धवट आहे.

'घरात असाल तर मागे हटायची गरज नाही' हा अमेरिकी अपवाद इथे आणू नका. तिथल्या काही राज्यांत मागे हटण्याचं कर्तव्य आहे, म्हणून घराचा अपवाद लागतो. आपल्याकडे मूळ कर्तव्यच नाही, मग अपवाद कशाला? घराचं महत्त्व आपल्याकडे कलम 41 मधून येतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क पोहोचू शकतो, पण तोही कलम 37 च्या मर्यादेत राहून.

वस्तुस्थितीला लावायचं तर असं: कोयत्याचा वार बसलेला, हल्लेखोर हातभर अंतरावर. पाठ फिरवून वीस पावलं पळणं आणि गाडी सुरू करणं हा सुरक्षित मार्ग नव्हताच. म्हणजे योगेंद्र मोरारजीची कसोटी शब्दशः लावली तरी 'अ' टिकतो.

बळाचं प्रमाण

प्रत्येक घाव वेगळा मोजा. 'तीन घाव घातले, म्हणून जास्त' असं एकगठ्ठा लिहिलंत की उत्तर तिथेच फसतं.

पहिला घाव. कलम 38 नुसार मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क जातो. कोयत्याचा वार त्यात सहज बसतो. हत्याराला हत्यार जुळवत बसू नका. देव नारायण वि. उत्तर प्रदेश राज्य (1973) मध्ये समोरच्यांकडे लाठ्या होत्या आणि आरोपीने भाला वापरला, म्हणून उच्च न्यायालयाने मर्यादा ओलांडली असं धरलं. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडलं, कारण डोक्यावर बसलेली लाठीही जीव घेऊ शकते. मोजायचा तो धोका. घाबरलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्यावर तोलून घाव घालण्याची अपेक्षा नसते, हे जय देव वि. पंजाब राज्य (1963) मधलं सूत्र इथे लावा. पहिला घाव हक्कात बसतो.

दुसरा आणि तिसरा घाव. इथे कलम 40 लागतं: धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच हक्क टिकतो. म्हणून प्रश्नातला कोयता नेमका कुठे पडला ते शोधा. तो 'ब'च्या हाताशी असेल आणि 'ब' त्याच्याकडे सरकत असेल, तर धोका संपलेला नाही. 'ब' निपचित पडलेला असेल आणि कोयता चार हात लांब असेल, तर संपला. प्रश्नात याचा उल्लेखच नसेल, जसा आपल्या प्रश्नात नाही, तर दोन्ही शक्यता लिहा. एकच गृहीत धरू नका.

मर्यादा ओलांडली तर

इथून थेट खुनावर उडी मारू नका. कलम 101 च्या दुसऱ्या अपवादात बसलं तर तो सदोष मनुष्यवध ठरतो आणि शिक्षा कलम 105 ची. अपवादाला तीन गोष्टी लागतात: सद्भाव, पूर्वनियोजनाचा अभाव, आणि बचावाला लागते त्याहून जास्त इजा करण्याचा उद्देश नसणं. एकामागोमाग, झटापटीच्या भरात घातलेले घाव यात बसवता येतात. 'अ' थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि मग घाव घातले, तर बसत नाहीत.

एक बारकावा बहुतेक जण सोडतात. हा अपवाद हक्क ओलांडणाऱ्यासाठी आहे, म्हणजे हक्क मुळात जिवंत हवा. 'ब' उठून पळत सुटला आणि 'अ'ने शंभर पावलं पाठलाग करून त्याला मारलं, तर ओलांडायला हक्कच उरत नाही. जय देव मध्ये पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांना म्हणूनच संरक्षण मिळालं नाही. अशा वेळी दुसरा अपवाद सोडा आणि गंभीर व अचानक चिथावणीचा पहिला किंवा अचानक भांडणाचा चौथा तपासा.

शेवटी शवविच्छेदन अहवाल. मृत्यू पहिल्या घावाने झाला असेल आणि तो हक्कात असेल, तर त्या मृत्यूबद्दल 'अ' दोषी नाही. नंतरच्या घावांबद्दल मात्र धोकादायक हत्याराने दुखापतीचा गुन्हा उरू शकतो. कोणत्या घावाने जीव गेला हे वैद्यकीय पुराव्यातून ठरत नसेल, तर त्या संशयाचा फायदा 'अ'लाच.