भरीव शंकूचा गुरुत्वमध्य तळापासून पाव उंचीवर असतो, हे संकलनाने कसे दाखवावे

एकसमान घनतेच्या भरीव, सरळ वर्तुळाकार शंकूचा गुरुत्वमध्य त्याच्या अक्षावरच असणार हे सममितीवरून उघड आहे, त्यामुळे शोधायचे राहते ते एकच अंतर. तळाची त्रिज्या ६ सेंमी आणि उंची १२ सेंमी असलेला शंकू घेऊ.

पहिली पायरी म्हणजे आरंभबिंदू ठरवणे. उत्तर तळापासून हवे आहे म्हणून मोजमापही तळापासूनच करावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा नाही, पण विनाकारण आकडेमोड वाढवणारा आहे. अंतर x शिरोबिंदूपासून खाली मोजावे आणि शेवटी एकदाच १२ मधून वजा करावे.

दुसरी पायरी म्हणजे शंकूचे तळाला समांतर असे पातळ काप करणे. सगळी गफलत इथेच होते, म्हणून येथे थांबून एका कापाचा नीट विचार करावा. शिरोबिंदूपासून x अंतरावरील कापाची त्रिज्या r मानू. अक्षातून जाणाऱ्या उभ्या छेदात दोन समरूप काटकोन त्रिकोण दिसतात, एक संपूर्ण शंकूचा आणि दुसरा कापाच्या वरच्या लहान शंकूचा. त्यावरून

r / x = 6 / 12, म्हणजे r = x/2

मिळते. हे समीकरण x शिरोबिंदूपासून मोजला असेल तरच खरे आहे. अंतर तळापासून y इतके मोजले, तर त्रिज्या 6 − y/2 होते. एका पद्धतीची त्रिज्या आणि दुसऱ्या पद्धतीचे अंतर एकत्र केले, तर गुरुत्वमध्य तळापासून ९ सेंमी उंचीवर येतो, म्हणजे शंकूच्या निमुळत्या टोकाकडे. बहुतेक वस्तुमान खाली असताना असे उत्तर येऊच शकत नाही, एवढ्यावरून चूक ओळखता येते.

कापाची जाडी हा दुसरा खड्डा आहे. शंकूची बाजू तिरकी आहे, म्हणून जाडीही तिरकस उंचीच्या दिशेने घ्यावी असे वाटते, पण घनफळासाठी जाडी अक्षाच्या दिशेनेच, म्हणजे dx इतकी, घ्यावी. कापाची कड तिरकी असल्याने त्याला दंडगोलाकार चकती मानताना थोडी तूट किंवा वाढ होते हे खरे, परंतु ती dx च्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि काप पातळ होत गेले की एकूण बेरजेतून नाहीशी होते. पोकळ शंकूच्या पृष्ठभागाचा गुरुत्वमध्य काढताना मात्र पट्टीची रुंदी तिरकस उंचीच्या दिशेनेच घ्यावी लागते, आणि तेथे उत्तर तळापासून उंचीच्या एक तृतीयांशावर येते. त्रिकोणाच्या पातळ पत्र्याचेही तेच आहे. म्हणून भरीव शंकूसाठी कोणी एक तृतीयांश सांगितले, तर त्याने घनफळाऐवजी पृष्ठभाग किंवा त्रिकोण मोजला असावा असे समजावे.

तर x अंतरावरील कापाचे घनफळ π(x/2)² dx आहे. गुरुत्वमध्याचे अंतर म्हणजे प्रत्येक कापाचे वस्तुमान गुणिले त्याचे अंतर यांची बेरीज भागिले एकूण वस्तुमान. घनता एकसमान असल्यामुळे ती या भागाकाराच्या अंश आणि छेद या दोहोंतून जाते, म्हणून वस्तुमानाऐवजी घनफळ वापरले तरी चालते.

तिसरी पायरी यांत्रिक आहे. प्रत्येक कापाचे घनफळ त्याच्या x ने गुणून 0 ते 12 पर्यंत संकलन करावे:

∫ x · π(x²/4) dx = (π/4)(12⁴/4) = 1296π

एकूण घनफळ (1/3)π · 6² · 12 = 144π आहे. भागाकार ९ येतो, म्हणजे गुरुत्वमध्य शिरोबिंदूपासून ९ सेंमी आणि तळापासून ३ सेंमी अंतरावर आहे, जो १२ चा बरोबर पाव भाग आहे. त्रिज्या R आणि उंची h ठेवली, तर r = Rx/h घेऊन अंशात πR²h²/4 आणि छेदात πR²h/3 येते; भागाकार 3h/4 मिळतो आणि R पूर्णपणे निघून जाते. शंकू बसका असो की सुळकेदार, पाव उंची कायम राहते.

पडताळणी करायची असेल तर तळापासून मोजून एकदा संकलन करावे: ∫ y · π(6 − y/2)² dy हे 0 ते 12 पर्यंत 432π येते, आणि 432π/144π = 3. मात्र गुरुत्वमध्यातून जाणारे आडवे प्रतल शंकूचे घनफळ निम्मे करते, अशी पडताळणी कोणी करू नये. त्या प्रतलाच्या वरचा लहान शंकू मूळ शंकूच्या (3/4)³ = 27/64 इतकाच, म्हणजे सुमारे ४२ टक्के असतो; घनफळ निम्मे करणारे प्रतल तळापासून सुमारे २.४८ सेंमीवर, गुरुत्वमध्याच्या किंचित खाली येते. वरचा भाग कमी असूनही तोल साधतो, कारण त्यातील बरेचसे वस्तुमान प्रतलापासून दूर आहे.

शंकू तिरका असला किंवा तळ वर्तुळाऐवजी चौरस असला, तरीही आडव्या कापाचे क्षेत्रफळ x² च्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे वरील संकलन जसेच्या तसे लागू होते आणि उंची पावच येते. फक्त तिरक्या शंकूत तो बिंदू शिरोबिंदू व तळाचे केंद्र जोडणाऱ्या रेषेवर घ्यावा.