केनियाला निघताना: पिवळं कार्ड आणि औषधांची पिशवी

काका-काकू २० डिसेंबरला मुंबईहून नैरोबीला निघणार आणि मसाई मारा बघून ३०ला परतणार. दिवाळी आटोपली की पहिलं काम यलो फीवरच्या लशीचं. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की ते काही तासांतच वापरावे लागतात, म्हणून केंद्रं बहुधा ठरावीक वारीच लस देतात. तेव्हा आधी नाव नोंदवा आणि मूळ पासपोर्ट घेऊनच जा. टोचल्यावर मिळणारं पिवळं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे १० डिसेंबर ही अगदी शेवटची तारीख. पण तिच्या भरवशावर राहू नका. कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक, सही आणि शिक्का तिथे टेबलाशीच तपासा. एकदा लागू झालं की कार्ड आयुष्यभर चालतं.

त्याची खरी गरज परतताना. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, पुण्यात कुंड्यांखालच्या ताटल्यांत सुखाने नांदतो. म्हणून कार्ड नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

काकांचं वय ६६. लस जिवंत विषाणूची आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर त्रास क्वचित, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतो. म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर तीही सांगा. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताचं त्याच खेपेत विचारून घ्या.

मलेरियासाठी डॉक्टरांनी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिलं, तर रोज एक गोळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत घ्यायची: १९ डिसेंबर ते ६ जानेवारी, माणशी १९ गोळ्या. घरी आल्यावर लोक नेमक्या शेवटच्या सात विसरतात.

काकांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवूही नका. गोळ्या डबीत काढू नका, नाव दिसणाऱ्या मूळ पट्ट्यांतच राहू द्या. अकरा दिवसांच्या प्रवासाला सोळा दिवसांचा साठा घ्या. चिठ्ठीवर आपल्याकडचं ब्रँडनेम तिकडे कुणी ओळखणार नाही, म्हणून डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि सुया कशासाठी हे इंग्रजीत, लेटरहेडवर, पासपोर्टवरच्याच नावाने लिहून घ्या. दुबईमार्गे जाणार असाल तर काकूंची गुडघेदुखीची गोळी पाहा: ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांना चालणार असेल तर साधं पॅरासिटामॉल बरं.

परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर पुण्यात आधी डेंग्यूच तपासतील. केनियाला गेलो होतो हे तुम्हीच सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी मागा.