दुसऱ्या प्रुफात नेमकं काय बदललं?

नागपुरात डीटीपीच्या कामाला लागलात की "भाऊ, फक्त किंमत बदलली, बाकी सेम आहे" हे वाक्य वारंवार ऐकाल. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं, त्याला तेवढंच माहीत असतं. म्हणून जुनं आणि नवं प्रुफ एकमेकांवर ठेवून बघायची सवय मी लावून घेतली.

मध्यंतरी संत्रा बर्फीच्या खोक्याचं दुसरं प्रुफ आलं. दोन्ही पीडीएफ एकाच झूमवर उघडून स्क्रीनशॉट काढले आणि पीएनजीत सेव्ह केले. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो या कामाला घेऊ नका. तो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडेला ठिपके उठतात आणि सगळंच बदलल्यासारखं दिसतं.

गिंप या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये "Open as Layers" ने दोन्ही चित्रं उघडली, वरच्या लेयरची "Opacity" ५० केली. ही अर्धी पारदर्शकता मुख्यतः जुळवणीसाठी. न बदललेली एखादी खूण धरायची, मी बारकोडचा डावा कोपरा धरला. झूम वाढवून, मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवायचं. मग विरुद्ध कोपरा बघायचा. तिथे दुहेरी दिसलं तर दोन स्क्रीनशॉटचा झूम वेगळा आहे. अशा वेळी ताणून बसवू नका, स्क्रीनशॉट पुन्हा काढा.

जुळल्यावर "Opacity" परत १०० आणि "Mode" मध्ये "Difference". आता सारखं आहे ते काळं, वेगळं आहे ते उजळ. किंमत चमकली, ते ठीकच. पण खाली एफएसएसएआयच्या १४ आकडी लायसन्स नंबरातही बारीक रेघा उजळल्या. 3 च्या जागी 8 पडला होता. दोघांची उजवी बाजू जवळपास सारखी, त्यामुळे फक्त डावीकडचे दोन तुकडे दिसत होते. नुसत्या डोळ्यांनी हे सुटलंच असतं. अनुस्वार गळला की असाच एकटा ठिपका दिसतो.

रंगाचा फिका फरक मात्र इथेही जवळजवळ काळाच राहतो. त्यासाठी "New from Visible" करून "Levels" मधला पांढरा खुंटा डावीकडे ओढायचा.

त्या खोक्यावर घटकपदार्थांची यादी एका ओळीने वाढली होती, म्हणून त्याखालचं सगळं दुहेरी झालं. नवखा माणूस इथे घाबरतो. वरचा लेयर तेवढी एक ओळ सरकवायचा आणि खालचा भाग वेगळा तपासायचा. लायसन्स नंबर त्याच भागात होता, त्यातला फरक असं सरकवल्यावरच दिसला.

एक गोष्ट यात कधीच सापडणार नाही: दोन्ही प्रुफांत सारखीच असलेली चूक. दोन्हीकडे "साखर" चं "साकर" झालं असेल, तरी पडदा काळाच राहील. ते वाचूनच पकडावं लागतं.