वाइन कोमट आणि वर ओल्या पुठ्ठ्याचा वास: तक्रारीच्या पत्रात या चुका टाळा

बहुतेक पत्रं पहिल्याच वाक्यात फसतात: 'तुमची वाइन खराब होती.' खरं तर इथे तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. त्या एकत्र कालवल्या की मॅनेजरला दोन्ही टाळता येतात.

वाइन कोमट आली, ही चूक सरळ रेस्टॉरंटची. 'रेड वाइन रूम टेम्परेचरलाच देतात' असं उत्तर येईल. पण ती खोली थंड देशातली, साधारण 16 ते 18 अंशांची. मे महिन्यातल्या पुण्यातली नव्हे.

पुठ्ठ्याच्या वासाचं मात्र तसं नाही. कॉर्कमध्ये बुरशीमुळे टीसीए नावाचं संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी नाकाला कळतं. बंद बाटलीवरून काहीच ओळखू येत नाही, म्हणून वेटरवर किंवा साठवणुकीवर ठपका ठेवू नका. 'शिळी', 'भेसळीची', 'आमच्या तब्येतीशी खेळ' हे शब्दही नकोत. एवढ्याशा टीसीएने अपाय होत नाही. सांगितल्यावर बाटली बदलून देणं मात्र त्यांचं काम आहे, आणि तक्रारीचा जोर तिथेच द्यायचा.

लिहिण्याआधी खात्री करा. दोष टीसीएचा असेल तर फळांचा वास दबलेला असतो आणि ग्लास थोडा वेळ ठेवला की पुठ्ठ्याचा वास सहसा वाढतो. व्हिनेगरसारखा वास आला तर दोष वेगळा. ग्लासात कॉर्कचे तुकडे तरंगत असतील तर तो दोषच नव्हे. बाटलीला स्क्रू कॅप असेल तर पत्रात कॉर्कचं नाव काढू नका, फक्त वासाचं वर्णन करा.

पत्र साधारण असं असावं:

मा. व्यवस्थापक, स. न. वि. वि.
काल रात्री टेबल 7 वर आम्ही रेड वाइनची बाटली मागवली होती (नाव व साल बिलासोबत दिलं आहे). वाइन कोमट होती. सांगितल्यावर बर्फाची बादली लगेच मिळाली, त्याबद्दल आभार. परंतु वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास होता आणि तो वाढत गेला. दोष कॉर्कचा असावा. दोन घोटांनंतर आम्ही वेटरना सांगितलं, पण बाटली बदलून मिळाली नाही आणि पूर्ण रक्कम बिलात लागली. बाटलीची रक्कम परत मिळावी, ही विनंती.

किती प्यायलो हे इथे मुद्दाम लिहिलं आहे. बाटली संपवून केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही. अख्ख्या जेवणाचे पैसे मागण्याची चूकही नेहमीची. दोष बाटलीत होता, तेवढेच मागा. आणि पत्र दुसऱ्याच दिवशी पाठवा. उरलेली वाइन फेकली गेली नसेल तर ती दाखवून रेस्टॉरंटला पुरवठादाराकडे भरपाई मागता येते, त्यामुळे तुमचे पैसे परत करणं त्यांनाही सोपं जातं.