बाळंतपणाच्या रजेआधी: ईएसआयसीचे ७० दिवस आणि रोजचा दर कसा तपासायचा

सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टरांनी अपेक्षित तारीख लिहिली, की त्याच आठवड्यात ती तारीख घेऊन ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, हिशेबाला बसा. पैसे मिळणार की नाही आणि किती मिळणार, या दोन्ही गोष्टी तुमच्या आजच्या पगारावर नव्हे, तर काही महिन्यांपूर्वी तुमच्या नावावर काय नोंदलं गेलं त्यावर ठरतात. नोंद चुकली असेल तर ती पाचव्या महिन्यात दुरुस्त करून घेणं सोपं असतं. बाळ हातात आल्यावर ईएसआयसीच्या लोअर परळच्या कार्यालयाच्या, पंचदीप भवनाच्या, चकरा मारणं फार अवघड जातं.

आधी एवढं पाहून घ्या की तुमचा मार्ग ईएसआयसीचाच आहे. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के ईएसआय कापलेला दिसत असेल, तर तुम्ही विमाधारक आहात. मालक स्वतःचे ३.२५ टक्के वेगळे भरतो. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात रक्कम २१,००० च्या वर गेली तरी घाबरू नका, मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत. मूळ पगारच वाढून मर्यादा ओलांडली, तरी चालू सहामाही संपेपर्यंत ही कपात, म्हणजे तुमचं कॉन्ट्रिब्यूशन, सुरूच राहतं. विम्यात नसलेल्या बाईला रजेचा पगार मालकाने द्यायचा असतो. तिथे अट वेगळी आहे: अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. सल्ला देणारे पुष्कळदा हे ८० आणि ईएसआयसीचे ७० एकत्र करून टाकतात. तुमचा आकडा ७० आहे.

आता कॅलेंडर काढा. ईएसआयसी वर्षाच्या दोन सहामाह्या धरते: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. या कॉन्ट्रिब्यूशनच्या सहामाह्या. त्यांचा लाभ लगेच मिळत नाही, मध्ये तीन महिने जातात. एप्रिल ते सप्टेंबरच्या कॉन्ट्रिब्यूशनचा लाभकाळ पुढच्या वर्षीचा १ जानेवारी ते ३० जून, आणि ऑक्टोबर ते मार्चचा लाभकाळ १ जुलै ते ३१ डिसेंबर. बाळंतपणाची तारीख ज्या लाभकाळात येते, त्याच्या लगतच्या आधीच्या दोन सहामाह्यांत मिळून तुमचे पगाराचे ७० दिवस भरले पाहिजेत.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा कविता अंधेरीच्या सीप्झमधल्या एका युनिटमध्ये ठेकेदारामार्फत काम करते, रोज ६०० रुपयांवर. तिची अपेक्षित तारीख आहे २० मे २०२६, म्हणजे लाभकाळ जानेवारी ते जून २०२६. तिचे ७० दिवस मोजायचे ते ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या दोन सहामाह्यांत. ऑक्टोबर २०२५ नंतर तिने कितीही दिवस भरले असले, तरी या बाळंतपणासाठी ते मोजले जात नाहीत. बहुतेकींचा गोंधळ इथेच होतो. ‘सहा महिने एकही खाडा नाही, मग नाकारलं कसं?’ असं विचारणाऱ्या बाईचे ते सहा महिने चुकीच्या सहामाहीत पडलेले असतात. उलटही घडतं. जिने सप्टेंबरनंतर काम सोडलं, तिलाही आधीच्या दिवसांच्या जोरावर हक्क राहतो, आणि तिला हे कोणी सांगतच नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच विमा लागू झालेल्या नोकरीत आला असाल, तर नियुक्तीची तारीख शोधून ठेवा. तुमचा पहिला लाभकाळ त्या दिवसापासून नऊ महिने पुरे झाल्यावर सुरू होतो. १० जुलै २०२५ ला लागलेल्या बाईचा लाभकाळ १० एप्रिल २०२६ ला सुरू होईल, म्हणजे २० मेचं बाळंतपण त्यात बसतं. फक्त १० जुलै ते ३० सप्टेंबरमध्ये ७० दिवस भरले आहेत का ते पाहावं लागेल. तीच २५ सप्टेंबरला लागली असती, तर लाभकाळ २५ जूनला सुरू झाला असता आणि मेचं बाळंतपण बाहेर राहिलं असतं. हा हिशेब आधी कळला तर निदान घरखर्चाची वेगळी सोय करता येते.

यानंतरचं काम नोंद उघडून पाहण्याचं. esic.gov.in वर विमाधारक म्हणून आपल्या दहा आकडी आयपी नंबरने, म्हणजे विमा क्रमांकाने, लॉगिन करा आणि कॉन्ट्रिब्यूशनचा तपशील काढा. प्रत्येक महिन्यासमोर दोन आकडे असतात, दिवस आणि वेतन. शेजारी पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक ठेवा आणि महिना महिना ताडून पाहा. नोंदीतले दिवस म्हणजे ज्यांचा पगार मिळाला ते दिवस. भरपगारी रजा आणि भरपगारी सुट्ट्या त्यात येतात, बिनपगारी खाडे येत नाहीत. महिन्याच्या पगारावर असणाऱ्यांचा रविवारही पगारात असतो, त्यामुळे त्यांच्यासमोर ३० किंवा ३१ दिसणं बरोबरच आहे. रोजंदारीवर असणाऱ्यांचे मात्र रोज मिळालेलेच दिवस दिसले पाहिजेत. हा फरक मनात पक्का करा, कारण पुढे पैशांचा सगळा हिशेब यावरच फिरतो.

रोजचा दर असा निघतो: लाभकाळाशी जोडलेल्या सहामाहीतलं एकूण वेतन भागिले त्या सहामाहीतले वेतनाचे दिवस. जो आकडा येतो तो पूर्ण मिळतो, शंभर टक्के. आजारपणाच्या रजेत ७० टक्के मिळतात, म्हणून बाळंतपणातही तेवढेच, असं समजू नका. कविताची सहामाही एप्रिल ते सप्टेंबर २०२५. तिचे दिवस अनुक्रमे २५, २६, २४, २७, २५ आणि २६, एकूण १५३. सहाशेच्या रोजाने ९१,८०० रुपये झाले. शिवाय सहा महिन्यांत ४,५९० रुपये ओव्हरटाइम मिळाला. मर्यादेसाठी नसला तरी वेतनात तो धरला जातो, त्यामुळे एकूण ९६,३९०. त्याला १५३ ने भागलं की रोजचे ६३० रुपये. रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवस, आणि ईएसआयसी रविवारचेही पैसे देते. १८२ गुणिले ६३० म्हणजे १,१४,६६० रुपये.

आता ठेकेदाराच्या कारकुनाने सोय म्हणून प्रत्येक महिन्यासमोर ३० किंवा ३१ दिवस भरून टाकले असं धरा. पैसे तेच राहिले, पण भाजक १८३ झाला. दर सुमारे ५२७ वर उतरतो आणि पूर्ण रजेत जवळपास १८,८०० रुपये कमी मिळतात. दिवस जास्त दाखवले की बायकांना आपलं भलंच झालं असं वाटतं, कारण ७० चा आकडा सहज ओलांडला जातो. पण दरात त्या मार खातात. ओव्हरटाइम नोंदीतून गाळला असेल तर दर ६०० राहील आणि ५,४६० रुपये जातील. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: कॉन्ट्रिब्यूशन वाचवायला महिन्याला दहा-बारा दिवसच दाखवायचे. यात दर बहुधा तोच राहतो, पण नव्याने लागलेल्या बाईचे ७० दिवसच भरत नाहीत.

चूक सापडली तर आधी ठेकेदाराला आणि मूळ कंपनीच्या एचआरला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण महिना आणि आकडे लिहून. आठवड्याभरात हालचाल झाली नाही तर स्लिपा, हजेरीच्या नोंदीचे फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन आपल्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बोलताना एक गोष्ट ठासून सांगा: नियमात कॉन्ट्रिब्यूशन ‘देय’ असण्याची अट आहे, मालकाने ते प्रत्यक्ष भरलेलं असण्याची नाही. पगार दिला आणि कॉन्ट्रिब्यूशन भरलं नाही तर ते वसूल करणं महामंडळाचं काम आहे, त्यासाठी बाईचा हक्क जात नाही. मात्र पगार मिळाल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. रोख पगार घेणाऱ्यांनी म्हणूनच आजपासून सहीच्या रजिस्टरचा फोटो काढायला लागावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. कविताच्या सहामाहीला हे लागत नाही, पण जिची सहामाही त्यानंतरची आहे तिने स्लिपवरच्या भत्त्यांकडेही पाहावं.

रजा कधी सुरू करायची हे तुमच्या हातात आहे. अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. कविताला २५ मार्चपासून घरी बसता येईल आणि मग तिची रजा २२ सप्टेंबरला संपेल. उशिरा सुरू केली तर उरलेले आठवडे बाळंतपणानंतर मिळतात, आणि तब्येत साथ देत असेल तर माझं मत त्याच बाजूचं आहे: बाळाजवळचे दिवस जास्त मोलाचे. दोन किंवा अधिक मुलं आधीच असतील तर रजा १२ आठवडे, आणि आधी घेता येतात फक्त सहा. गर्भपात झाला तर सहा आठवडे मिळतात. बाळंतपणामुळे आजारपण आलं तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिना. या काळात पगारी काम करायचं नाही, घरी आणून केलेलं पीसवर्कसुद्धा नाही. ज्या दिवशी पगारी काम, त्या दिवसाचा लाभ नाही.

कागद एका फायलीत लावा. आपल्या भागातल्या ईएसआय डॉक्टरकडून किंवा मुलुंड, कांदिवली, वरळी, अंधेरी अशा ईएसआय रुग्णालयातून अपेक्षित तारखेचा दाखला रजा सुरू होण्याआधी घ्या. खासगी दवाखान्यात नाव घातलं असलं तरी ईएसआयच्या डॉक्टरकडे नोंद करून ठेवा, म्हणजे दाखल्यासाठी अडणार नाही. आधार, आयपी नोंद आणि बँक खातं या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना, ते पाहा. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं आणि ईएसआयसीच्या नोंदीत माहेरचंच राहिलं, म्हणून पैसे अडकतात, आणि नाव दुरुस्तीला मालकाची सही लागली तर ती रजेवर जाण्याआधी मिळवणं सोपं. दावा ऑनलाइन किंवा शाखा कार्यालयात भरता येतो. बाळंतपण झाल्यावर रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद जोडा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून जन्मदाखला काढला की त्याची प्रत फायलीत ठेवा. पहिला हप्ता जमा झाला की रक्कम भागिले दिवस करून पाहा. कविताला ६३० च्या जागी ५२७ दिसले, तर दिवसांची नोंद अजून दुरुस्त झालेली नाही. तिने स्लिपांच्या प्रती जोडून फरकाचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.